दोन राउटर, दोन नॅट: मोडेम ब्रिज मोडवर टाकण्याआधी आणि टाकताना

सर्व्हिस प्रोव्हायडरने दिलेला मोडेमचा डबा दाराजवळच्या भिंतीवर असतो. त्याचं वाय-फाय आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून आपण एक बरा राउटर विकत आणतो, त्याच्या `WAN` पोर्टमधून एक वायर मोडेमच्या `LAN` पोर्टात जोडतो आणि पाच मिनिटांत सगळं सुरू होतं. वेबसाइट उघडतात, व्हिडिओ चालतात, कुणाची काही तक्रार नसते. पुढे कधीतरी आपल्याला बाहेरून घरात यायचं असतं, आणि तिथे गाडी अडते.

माझी अडली ती वायरगार्डपाशी. घरातल्या एका छोट्या कॉम्प्युटरवर मी वायरगार्ड व्हीपीएन बसवलं होतं, बाहेर असताना घरच्या फाइल्स उघडता याव्यात म्हणून. नव्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम टाकला: यूडीपी पोर्ट `51820` वर जे येईल ते `192.168.0.50` या कॉम्प्युटरकडे पाठव. नियम तीनदा तपासला, बरोबर होता. पण बाहेरून एकही जोडणी होईना. राउटर त्या नियमासमोर किती पॅकेट आली ते दाखवत होता आणि तो आकडा शून्य होता. नियमात चूक असती तर पॅकेट येऊन भलतीकडे गेली असती. शून्य याचा अर्थ ती माझ्या राउटरपर्यंत पोचतच नव्हती. त्याच्या आधीच कुणीतरी ती टाकून देत होतं, आणि त्याच्या आधी एकच वस्तू होती, भिंतीवरचा तो डबा.

पत्ता दोनदा बदलतो म्हणजे काय

आपण ज्याला मोडेम म्हणतो तो बहुतेक वेळा नुसता मोडेम नसतो. एकाच डब्यात मोडेम, राउटर, वाय-फाय आणि चार पोर्टांचा स्विच असं सगळं कोंबलेलं असतं. त्यातला राउटर नॅट करतो, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या साधारण ४२९ कोटी, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोनला जगात कुठूनही दिसेल असा स्वतंत्र पत्ता मिळणं शक्य नाही. १९९४ साली नॅटची कल्पना मांडली गेली ती याच टंचाईवर उपाय म्हणून. घरात खासगी पत्ते वापरायचे, बाहेर एकच पब्लिक पत्ता दाखवायचा, आणि कोणतं उत्तर आत कुणाला द्यायचं हे राउटरने आपल्या नोंदवहीत लिहून ठेवायचं.

खासगी पत्ते ओळखायला सोपे असतात. `10.` ने सुरू होणारे सगळे, `192.168.` ने सुरू होणारे सगळे, आणि `172.16.` पासून `172.31.` पर्यंतचे. यातला कुठलाही पत्ता इंटरनेटवर दिसत नाही. एवढं लक्षात राहिलं की पुढचं सगळं तपासता येतं.

माझ्या घरी नेमकं काय चाललं होतं ते पत्त्यांनिशी सांगतो. मोडेमचा घरातला पत्ता `192.168.1.1`. त्याने माझ्या राउटरला, घरातलाच एखादा फोन असावा तसा, `192.168.1.5` हा पत्ता दिला होता. राउटरने स्वतःचं वेगळं जाळं मांडलं होतं, त्यात तो `192.168.0.1` आणि माझा लॅपटॉप `192.168.0.23`. मोडेमचा बाहेरचा पत्ता आपण `203.0.113.45` धरू. ही मालिका फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेली आहे.

लॅपटॉपवरून एखादी साइट उघडली की पॅकेटवर पाठवणारा म्हणून असे तीन वेगवेगळे पत्ते लागत जातात:

```
लॅपटॉप       192.168.0.23:51000
राउटरनंतर    192.168.1.5:40112
मोडेमनंतर    203.0.113.45:60233
```

उत्तर उलट्या वाटेने येतं. मोडेम आपल्या वहीत बघतो, `60233` ची नोंद सापडते, तो ते `192.168.1.5` कडे देतो. राउटर आपल्या वहीत बघतो आणि लॅपटॉपकडे देतो. दोन्ही वह्यांमध्ये नोंद आहे, कारण सुरुवात आतून झाली होती. म्हणूनच डबल नॅट असतानाही ब्राउझिंग, व्हिडिओ, मेसेज सगळं निर्धास्त चालतं. डबल नॅटमुळे स्पीड निम्मा होतो असं ठामपणे सांगणारे भेटतात. तसं काही होत नाही. दुसऱ्या बदलाला लागणारा वेळ साध्या वापरात जाणवतही नाही.

आता वायरगार्डचं पॅकेट बघा. ते बाहेरून येतं, `203.0.113.45` च्या `51820` पोर्टवर, म्हणजे मोडेमच्या दारात. मोडेमच्या वहीत त्याची नोंद नाही, कारण आतून कुणी सुरुवातच केलेली नाही. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम मी लिहिला होता तो राउटरच्या वहीत. मोडेमला त्याची खबरच नाही, म्हणून तो पॅकेट टाकून देतो. गेमिंग कन्सोलवर `Strict` असा नॅट प्रकार दिसतो किंवा मित्राच्या गेममध्ये शिरता येत नाही, त्यामागेही बहुधा हेच असतं. कन्सोल यूपीएनपी वापरून जवळच्या राउटरकडून पोर्ट उघडून घेतं आणि काम झालं असं समजतं. त्याच्या पुढचं दार बंदच असतं.

आणखी एक त्रास घरातल्या घरात होतो. काही उपकरणं मोडेमच्या वाय-फायवर राहतात, काही राउटरच्या. प्रिंटर मोडेमच्या जाळ्यात आणि लॅपटॉप राउटरच्या जाळ्यात असेल तर लॅपटॉपला प्रिंटर आपोआप सापडत नाही. लोक प्रिंटरलाच दोष देतात.

आधी मोजा: नॅट किती आणि कुठे

यावरचा एक उपाय ब्रिज मोड, म्हणजे मोडेमचा राउटरपणा बंद करणं. पण त्या बटणाला हात लावण्याआधी दोन पत्ते वाचायचे आहेत. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि ते टाळल्यामुळे फुकट गेलेल्या संध्याकाळी मी पाहिल्या आहेत.

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा बाहेरचा. राउटरच्या अॅपमध्ये किंवा ब्राउझरमधल्या पानावर `Status`, `Internet` किंवा `WAN` असं काहीतरी असतं, तिथे `WAN IP` बघा. तो वर सांगितलेल्या खासगी पत्त्यांपैकी असेल, उदाहरणार्थ `192.168.1.5`, तर राउटरच्या पुढे आणखी एक नॅट आहे हे नक्की.

दुसरा पत्ता मोडेमचा बाहेरचा. राउटरला जोडलेलं असतानाही ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकलं तर साधारणपणे मोडेमचं पान उघडतं, कारण राउटरच्या दृष्टीने तो बाहेरचाच एक पत्ता आहे. पासवर्ड बहुतेक वेळा डब्याच्या खाली चिकटवलेला असतो. तिथला `WAN IP` वाचा, आणि इंटरनेटला आपण कोणत्या पत्त्याने दिसतो तेही कॉम्प्युटरच्या कमांड विंडोत ही आज्ञा देऊन बघा:

```
curl https://api.ipify.org
```

मोडेमचा `WAN IP` आणि या आज्ञेचं उत्तर एकच असेल तर तुमच्या घरात दोन नॅट आहेत आणि त्यापुढे एकही नाही. अशा वेळी ब्रिज मोडने काम होईल.

पण मोडेमचा `WAN IP` जर `100.64.` ते `100.127.` या दरम्यानचा असेल, किंवा तोही `10.` ने सुरू होत असेल आणि बाहेरून दिसणारा पत्ता वेगळाच असेल, तर प्रोव्हायडर स्वतःच्या यंत्रणेत अनेक ग्राहकांना मिळून एक पब्लिक पत्ता वापरतो आहे. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, आणि `100.64.` ची मालिका २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. अशा जोडणीवर ब्रिज मोड केला तर तीनचे दोन नॅट होतील, पण बाहेरून घरात येता येणार नाही. तिथे प्रोव्हायडरकडे पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागावा लागतो. तो न मागता ब्रिज मोडवर दोन दिवस घालवले तरी पोर्ट उघडणार नाही.

वाट प्रत्यक्ष बघायची असेल तर विंडोजवर ही आज्ञा चालवा. मॅक किंवा लिनक्सवर तिच्या जागी `traceroute -n -m 4 1.1.1.1` वापरा:

```
tracert -d -h 4 1.1.1.1
```

पहिल्या ओळीत `192.168.0.1` आणि दुसरीत `192.168.1.1` दिसलं तर ते तुमचे दोन राउटर. तिसऱ्या ओळीत `10.` चा पत्ता दिसला म्हणून लगेच घाबरू नका. प्रोव्हायडर आपल्या आतल्या यंत्रांना खासगी पत्ते देतात, आणि त्या यंत्रांवर नॅट होत असेलच असं नाही. निकाल `WAN IP` वरूनच लावायचा.

ब्रिज करायलाच हवा का

नेहमीच नाही. नव्या राउटरकडून तुम्हाला फक्त लांब पोचणारं वाय-फाय हवं असेल, तर राउटरलाच अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. त्या मोडमध्ये तो नॅट करत नाही, पत्ते वाटत नाही, मोडेमच्याच जाळ्याला वाय-फाय जोडून देतो. नॅट एकच उरतं आणि प्रिंटरही सापडतो. पोर्ट फॉरवर्डिंग मग मोडेममध्ये करायचं. ज्यांच्या मोडेमवर लँडलाइन फोन किंवा प्रोव्हायडरचा टीव्ही बॉक्स आहे, त्यांना मी आधी हाच मार्ग सुचवतो.

दुसरा मार्ग डीएमझेडचा. मोडेममध्ये राउटरचा `192.168.1.5` हा पत्ता कायमचा बांधून घ्यायचा आणि `DMZ` च्या खान्यात तोच लिहायचा. मग बाहेरून आलेलं जे काही मोडेमच्या वहीत सापडत नाही ते सगळं राउटरकडे जातं. नॅट दोनच राहतात, पण माझ्या वायरगार्डसारखी कामं चालतात. मोडेममध्ये ब्रिज मोडचा पर्यायच नसेल किंवा प्रोव्हायडर तो देत नसेल तर हा जुगाड वाईट नाही. पत्ता बांधून घ्यायला विसरलात तर मात्र मोडेम पुन्हा सुरू झाल्यावर राउटरला `192.168.1.6` मिळेल आणि काल चालणारं आज बंद पडेल.

ब्रिज मोड घ्यावा तो नव्या राउटरचंच सगळं वापरायचं असेल तेव्हा: त्याची फायरवॉल, त्याचं व्हीपीएन, मुलांसाठीची वेळमर्यादा, पोर्ट फॉरवर्डिंग. या मोडमध्ये मोडेम राउटरपणा सोडून देतो. प्रोव्हायडरकडून जे येईल ते जसंच्या तसं एका पोर्टमधून पुढे देतो, आणि पब्लिक पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळतो.

तयारी

इंटरनेट चालू आहे तोवरच ही कामं उरका. एकदा बंद पडलं की माहिती शोधायलाही इंटरनेट नसतं.

मोडेमच्या `WAN` पानाचे फोटो काढून ठेवा, पानावर जे जे दिसतं ते सगळं. जोडणी `PPPoE` प्रकारची, म्हणजे लॉगिन करून सुरू होणारी असेल तर युजरनेम आणि पासवर्ड लागेल. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे तो आधीच प्रोव्हायडरकडून विचारून घ्या. त्याच पानावर `VLAN ID` असा एक आकडा असू शकतो, एकाच वायरवरून जाणारी वेगवेगळी जाळी त्यावरून ओळखली जातात. तो छोटासा आकडा लिहून न घेतल्यामुळे फायबर जोडणीवरचे पुष्कळ ब्रिज फसतात. जोडणी `DHCP` प्रकारची, म्हणजे पत्ता आपोआप मिळणारी असेल तर युजरनेम लागत नाही.

नव्या राउटरचं फर्मवेअर अपडेट करा. आत्तापर्यंत तो मोडेमच्या आडोशाला होता, उद्यापासून इंटरनेटच्या थेट समोर उभा राहणार आहे. त्याचा अॅडमिन पासवर्ड बदला आणि बाहेरून राउटरची सेटिंग्ज उघडू देणारा `Remote Management` हा पर्याय बंद आहे ना ते बघा.

राउटरच्या वाय-फायला मोडेमच्या वाय-फायचंच नाव आणि पासवर्ड दिला तर घरातली उपकरणं आपोआप नव्या राउटरवर येतात. टीव्ही, बल्ब, कॅमेरे एकेक करून पुन्हा जोडत बसायचं नसेल तर हे कराच. मात्र हे नाव मोडेमचं वाय-फाय बंद केल्यानंतर लावा, नाहीतर मधल्या काळात निम्मी उपकरणं एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे जातील.

शेवटची तयारी घरातल्या पत्त्याची. राउटरचं आतलं जाळं मोडेमच्या जाळ्यापेक्षा वेगळं असू द्या. दोघांचाही पत्ता `192.168.1.1` असेल तर राउटर गोंधळतो, आणि ब्रिज झाल्यावर मोडेमचं पान उघडायची वेळ आली की तुम्हीही गोंधळता. राउटरला `192.168.50.1` दिलं तरी चालेल. माझा आधीच `192.168.0.1` होता, म्हणून मी तसाच ठेवला.

बदल

लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडा. वाय-फायवरून हे करू नका, कारण बटण दाबल्यावर ते वाय-फायच नाहीसं होणार आहे.

मोडेममध्ये ब्रिजचा पर्याय दोन प्रकारे मिळतो. केबलच्या मोडेममध्ये बहुधा `Bridge Mode` नावाचं एकच बटण असतं. ते चालू केलं की मोडेम पुन्हा सुरू होतो, त्याचं वाय-फाय जातं आणि काम संपतं. फायबरच्या डब्यात जरा आत जावं लागतं. `WAN` च्या पानावर असलेली जोडणी निवडायची, तिचा प्रकार `Route` वरून `Bridge` करायचा, `VLAN ID` आहे तोच ठेवायचा, आणि ती जोडणी कोणत्या `LAN` पोर्टला बांधायची ते ठरवायचं. आपण `LAN1` धरू. ही बांधणी महत्त्वाची असते. पुष्कळ डब्यांमध्ये ब्रिज फक्त त्या एकाच पोर्टवर येतो आणि बाकीचे तीन पोर्ट जुन्याच पद्धतीने वागतात किंवा मुके होतात. त्यानंतर मोडेमचं वाय-फाय बंद करायचं. पानावर एकापेक्षा जास्त जोडण्या दिसत असतील तर त्यातली एक लँडलाइनची असते, एखादी प्रोव्हायडरच्या देखरेखीची. त्यांना हात लावायचा नाही. `INTERNET` असा उल्लेख असलेली तेवढी बदलायची.

माझ्या मोडेमच्या पानावर `Bridge` हा शब्दच नव्हता, कारण ग्राहकाच्या लॉगिनला तो पर्याय दाखवायचाच नाही असं प्रोव्हायडरने ठरवलं होतं. फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘सर, ब्रिज करून देतो, पण मग वाय-फायची तक्रार आमच्याकडे करायची नाही.’ कबूल केलं. दहा मिनिटांत त्याने दुरूनच बदल केला. फोनवर चार गोष्टी एकाच वेळी विचारून घ्या: ब्रिज कोणत्या पोर्टवर केला, `VLAN` राउटरमध्ये टाकायचा की मोडेमच तो हाताळणार, `PPPoE` चा पासवर्ड काय, आणि फोन असेल तर तो चालू राहील का.

आता वायर `LAN1` मधून राउटरच्या `WAN` पोर्टात. दोन्ही उपकरणं बंद करा. काही मोडेमांमध्ये बॅटरी असते, अशा मोडेमची नुसती पिन काढून तो बंद होत नाही. आधी मोडेम चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग राउटर चालू करा. हा क्रम उगाच नाही. केबलचे पुष्कळ मोडेम सुरू झाल्यावर पहिल्यांदा जे उपकरण दिसेल त्याचाच मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, लक्षात ठेवतात आणि फक्त त्यालाच आयपी मिळू देतात. मघाशी तुमचा लॅपटॉप जोडलेला होता, म्हणजे मोडेमला अजून तोच आठवत असेल. पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय तो विसरत नाही.

राउटरच्या `Internet` पानावर जोडणीचा प्रकार निवडा. `PPPoE` असेल तर युजरनेम आणि पासवर्ड टाका, नाहीतर `Automatic IP` ठेवा. प्रोव्हायडरने सांगितलं असेल तर `VLAN ID` सुद्धा इथेच टाकायचा. काही राउटरमध्ये तो `IPTV` च्या पानावर लपवलेला असतो. तिथे का ठेवतात ते देव जाणे.

काय दिसतं त्यावरून काय समजायचं

पुन्हा तोच `WAN IP` बघायचा.

तो आता `203.0.113.45` सारखा पब्लिक असेल आणि `curl` चं उत्तर तेच असेल, तर ब्रिज झाला.

तो `0.0.0.0` असेल तर राउटरला पलीकडून कुणीच उत्तर देत नाही. वायर भलत्या पोर्टात आहे, `VLAN` चुकला आहे, किंवा मोडेमला अजून लॅपटॉपचाच मॅक पत्ता आठवतो आहे. मी याच क्रमाने तपासतो, कारण पोर्ट बदलून बघायला अर्धं मिनिट लागतं.

`PPPoE` मध्ये `Authentication failed` आलं तर पासवर्ड पुन्हा टाइप करा. तो नक्की बरोबर असेल तर दहा मिनिटं थांबा. मोडेमने आधी केलेली जोडणी प्रोव्हायडरच्या बाजूला अजून उघडी असू शकते, आणि एका खात्यावर दुसरी जोडणी ते सहसा घेत नाहीत. तरीही जमलं नाही तर मोडेम अजून स्वतःच डायल करतो आहे का ते बघा.

पुन्हा `192.168.1.5` दिसला तर मोडेम अजून राउटरसारखाच वागतो आहे. ही चूक सर्वात फसवी, कारण इंटरनेट चालू असतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. फायबरच्या डब्यात वायर ब्रिज न केलेल्या पोर्टात गेली की नेमकं असं होतं. राउटर `PPPoE` ऐवजी चुकून `Automatic IP` वर राहिला असेल, तरीही मोडेमच त्याला पत्ता देऊन टाकतो.

एक वेगळं दुखणं असं की बहुतेक साइट उघडतात आणि मोजक्या अर्ध्यावर लटकतात. `PPPoE` प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेतो, त्यामुळे १५०० च्या जागी १४९२ उरतात. राउटरने हे आपोआप धरायला हवं, पण शंका आली तर विंडोजवर तपासता येतं:

```
ping -f -l 1464 1.1.1.1
```

१४६४ मध्ये हेडरचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. याला उत्तर आलं आणि `1465` ला आलं नाही तर मर्यादा बरोबर १४९२ आहे. मग राउटरमध्ये `MTU`, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, सुद्धा `1492` असायला हवा.

काही आठवडे सगळं ठीक चालून पोर्ट फॉरवर्डिंग अचानक बंद पडलं तर राउटरचे नियम उचकण्याआधी `WAN IP` बघा. प्रोव्हायडर मोडेमची सेटिंग्ज दुरून बदलू शकतो. फर्मवेअर अपडेटनंतर मोडेम पुन्हा राउटर होऊन बसलेला असतो. `192.168.` दिसलं की फोन करायचा, आपल्या बाजूला काही बिघडलेलं नाही.

मागे फिरायचं असेल तर

ब्रिजनंतर मोडेमचं पान नेहमीच्या मार्गाने उघडत नाही. लॅपटॉप वायरने मोडेमच्या दुसऱ्या पोर्टला जोडा, त्याला हाताने `192.168.1.10` हा पत्ता आणि `255.255.255.0` हा मास्क द्या, मग `192.168.1.1` उघडून बघा. केबलच्या मोडेममध्ये हे पान पुष्कळदा `192.168.100.1` वर मिळतं, तेही राउटर जोडलेला असतानाच.

फायबरच्या डब्याचं मागचं रीसेटचं बारीक भोक मात्र टाचणीने दाबू नका. केबलच्या मोडेममध्ये त्याने फार तर जुनी सेटिंग्ज परत येतात. फायबरच्या काही डब्यांमध्ये प्रोव्हायडरने भरलेली नोंदणीची माहितीही पुसली जाते आणि डबा त्यांच्या यंत्रणेला ओळखूच येत नाही. मग तंत्रज्ञ घरी येईपर्यंत इंटरनेट बंद.

बाहेरून तपासणी

पोर्ट उघडला का हे घरातल्याच वाय-फायवरून तपासू नका. आतून आपल्याच पब्लिक पत्त्यावर गेलेलं पॅकेट काही राउटर परत आत वळवतात, काही वळवत नाहीत. त्यामुळे आतून चाललं तरी बाहेरून चालेल असं नाही, आणि आतून नाही चाललं तरी बाहेरून चालू शकतं. फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून जोडून बघा.

मी तसंच केलं. वायरगार्डच्या अॅपमध्ये नवा पत्ता टाकला, जोडणीचं बटण सरकवलं, आणि राउटरच्या त्या नियमासमोरचा शून्य पहिल्यांदा हलला. दोन दिवसांनी मोडेम पुन्हा सुरू झाला, पब्लिक पत्ता बदलला आणि अॅपमधला पत्ता जुना झाला. पब्लिक पत्ता म्हणजे कायमचा पत्ता नव्हे. बदलता पत्ता एका कायमच्या नावाशी जोडून ठेवणारं राउटरमधलं `DDNS` चालू करून पत्त्याच्या जागी नाव टाकलं, तेव्हापासून त्या पानावर जावं लागलेलं नाही.